स्वॉल्फ: हात २४ वरून १८ वर आले, पण घड्याळ म्हणतंय मी बिघडलो

लेन_चार
नमस्कार मंडळी, पोहण्यावर आधी एक धागा होता पण तो शिकाऊ लोकांचा होता म्हणून नवीन काढतोय. मी कांदिवलीला एका क्लबच्या २५ मीटर पूलमध्ये सकाळच्या बॅचला जातो, फ्रीस्टाइल बऱ्यापैकी जमतं, सलग हजार मीटर होतात. घड्याळात स्वॉल्फ नावाचा आकडा येतो तो मी बघत असतो, म्हणजे एका लेंथला किती हात मारले आणि किती सेकंद लागले त्याची बेरीज, जेवढी कमी तेवढं चांगलं, गोल्फसारखं.

आता गंमत अशी की आधी मी २५ मीटरला २४ हात मारायचो आणि ३० सेकंद लागायचे, बेरीज ५४. आमच्या कोचनी सांगितलं हात फार मारतोस, लांब कर, ग्लाइड कर. केलं. आता १८ हातात पोचतो, पण सेकंद ३६ लागतात, म्हणजे परत ५४च. हे मी स्वतः मोजलेलं, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावर. पण मनगटावरचं घड्याळ वेगळंच सांगतं. आधी ४२ दाखवायचं आणि आता ४५. म्हणजे मी मोजतो तर सारखं, घड्याळ मोजतं तर तीनने वाईट, आणि कोच म्हणतात मस्त चाललंय. तिघांपैकी खरं कोण?

कमीहातवाला
कोच बरोबर. घड्याळ काढून बॅगेत ठेवा. पोहण्यात सगळं हात कमी करण्यातच आहे, २४ चे १८ म्हणजे २५ टक्के बचत आहे राव, अजून काय पाहिजे. सेकंदांचं नंतर बघता येतं. एक विचारतो, पोहून झाल्यावर दम कमी लागतो ना आता?

लेन_चार
हो दम नक्की कमी लागतो. हार्ट रेट पण खाली आलाय.

कमीहातवाला
मग झालं की. शरीर सांगतंय ना.

मुलुंडकरीण
धागा वाचतेय. माझ्या लेकीच्या बॅचमध्ये पण हा आकडा काढतात आणि तिचा नेहमी सगळ्यात जास्त येतो, ती नऊ वर्षांची आहे आणि बाजूच्या लेनमधला मुलगा तेरा. ती रडवेली होऊन येते घरी. हे लहान मुलांना लावायचं असतं का मुळात?

जुना_बॅकस्ट्रोकर
@मुलुंडकरीण, ताई, तिला आणि त्या मुलाला एका यादीत बसवू नका, कोचना तसं स्पष्ट सांगा. हात लांब असेल, उंची जास्त असेल तर एका हातात जास्त अंतर जातं, त्यात तिचा काही दोष नाही. तिचा आजचा आकडा तिच्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशी लावायचा, तोही त्याच पूलमध्ये आणि त्याच स्टाइलमध्ये. आणि वाढत्या वयात उंचीच बदलते, तेव्हा तोही हलक्या हातानेच घ्यायचा.

@लेन_चार, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, आधी सोपा घेतो. घड्याळ एका मनगटावर आहे. त्याला फक्त तोच हात कळतो. गार्मिनसारख्या घड्याळात घड्याळवाला हात पूर्ण फिरला की एक स्ट्रोक धरला जातो, दुसरा हात त्याच्या हिशोबात नाहीच. म्हणून तुमचे २४ हात त्याला १२ दिसतात, १२ अधिक ३० बरोबर ४२. आताचे १८ त्याला ९ दिसतात, ९ अधिक ३६ बरोबर ४५. तुम्ही दोघेही बरोबर मोजताय, फक्त मोजण्याची वस्तू वेगळी आहे.

आता यातली खरी मेख बघा. ही बेरीज करताना आपण न बोलता एक भाव ठरवतो, की एक हात म्हणजे एक सेकंद. तुम्ही मोजता तेव्हा सहा हात वाचवले आणि सहा सेकंद घालवले, हिशोब फिटला, ५४ चे ५४. घड्याळाच्या हिशोबात दोन हात म्हणजे एक सेकंद. तिथे सहा हात वाचवल्याचे तीनच गुण मिळाले आणि सहा सेकंदांचा पूर्ण दंड बसला. म्हणून तीनने वाईट. आता एका हाताची किंमत एक सेकंद का, अर्धा का नाही, दीड का नाही, याला पाण्याचं किंवा शरीराचं काही कारण नाही. बेरीज करायला सोपी म्हणून तसं आहे.

लेन_चार
अच्छा!! म्हणजे एखादा मित्र म्हणाला माझा स्वॉल्फ ४० आहे तर आधी विचारायचं की बाबा एक हात की दोन हात.

जुना_बॅकस्ट्रोकर
एक हात की दोन, २५ मीटर की ५०, कुठली स्टाइल. एवढं विचारल्यावरही त्याच्या आकड्याशी तुमचा लावू नका हे वरचं आहेच.

खारं_पाणी
मी तर सांगतो हा आकडाच फालतू आहे. मी मालवणच्या चिवला बीचच्या स्पर्धेची तयारी करतो, समुद्रात घड्याळ ३८ पण दाखवतं आणि परत येताना ५५ पण दाखवतं, माणूस तोच, स्टाइल तीच. हात कमी करायला गेलो तर लाट आली की मी जागेवरच. तुम्ही कमी हात कमी हात करताय ते पूलमध्येच चालतं.

जुना_बॅकस्ट्रोकर
@खारं_पाणी, तुमची अडचण वेगळी आहे पण येऊ द्या. समुद्रात भिंत नाही, लेंथ नाही, तेव्हा गार्मिन दर २५ मीटरमागचा आकडा काढतं आणि ते अंतर जीपीएसवरून येतं. पाणी तुमच्या बरोबर वाहत असेल तर हातही कमी आणि सेकंदही कमी, उलट वाहत असेल तर दोन्ही वाढणार. ३८ आणि ५५ मधला बराचसा फरक भरती-ओहोटीचा आहे, तुमचा नाही. आणि लाटेत लांब ग्लाइड घातक असतं हे तुमचं अगदी बरोबर, हात पुढे ठेवून थांबलात की पुढची लाट वेग खाऊन टाकते.

कमीहातवाला
ते समुद्राचं सोडा. इथे पूलचा विषय आहे. पूलमध्ये तरी कमी हात म्हणजे कमी मेहनत हे मान्य कराल की नाही? दम कमी, हार्ट रेट कमी, अजून पुरावा काय देऊ.

जुना_बॅकस्ट्रोकर
अर्धं मान्य. त्यांचा हार्ट रेट खाली आला हे खरं, पण ते ३० ऐवजी ३६ सेकंदांत पोहत आहेत हो. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला पुरं पडायला लागणारी ताकद घनाने. वेग एवढा उतरवल्यावर दम कमी लागणारच, त्यात स्टाइल सुधारली का नुसते हळू झाले हे कळत नाही. कळायचं असेल तर त्यांनी जुन्या २४ हातांनीच ३६ सेकंदांत आरामात पोहून बघावं आणि मग हार्ट रेट ताडून बघावा. किंवा उलट, नवीन स्टाइलने ३० सेकंदात येऊन दाखवावं आणि किती हात लागले ते बघावं. वेळ सारखी ठेवल्याशिवाय हातांची तुलना करायची नाही, माझ्या मते हा एवढा नियम पाळला तरी स्वॉल्फची अर्धी भांडणं मिटतील.

आणि कमी हातवाल्यांनी एकदा जेनेट इव्हान्स आठवावी. उंचीने लहान, हात सरळ ठेवून पवनचक्कीसारखे फिरवणारी, भराभर हात मारणारी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तिने ४०० मीटर फ्रीस्टाइल ४:०३.८५ मध्ये मारली आणि तो विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला. हात मोजून गुण दिले असते तर तिला कोणीतरी नक्की सांगितलं असतं की बाई जरा ग्लाइड कर.

कमीहातवाला
ती ऑलिंपिकवाली आहे, आपण ऑफिसला जायच्या आधी पोहणारी माणसं. खांदे किती दिवस टिकणार भराभर हात मारून? कमी हात म्हणजे खांद्यावर कमी फेरे, याला तरी उत्तर द्या.

जुना_बॅकस्ट्रोकर
खांद्याचा मुद्दा मी नाकारत नाही. फेरे कमी होतात हे खरं, पण प्रत्येक फेऱ्यात जोर जास्त लागतो हेही खरं, विशेषतः थांबलेलं शरीर परत ओढून वेगात आणताना. खांदा फेऱ्यांनी दुखतो का जोराने हे माणसागणिक बदलतं.

डेटाबाबू
मला राहवत नाही म्हणून सूत्र मांडतो. समजा भिंतीला पाय मारून सरकण्यात P सेकंद गेले, मग N हात मारले आणि एका हाताला सरासरी c सेकंद लागले.

```
वेळ     = P + N × c
स्वॉल्फ  = N + P + N × c = P + N × (1 + c)
घड्याळ   = P + N × (0.5 + c)
```

यावरून लगेच दिसतं की N कमी झाला आणि c तेवढाच राहिला तर हातही कमी आणि वेळही कमी, दोन्हीकडून फायदा. N कमी करताना c वाढला तर मात्र एकीकडून आलेलं दुसरीकडून जातं. लेन_चार यांनी P सांगितलं तर आत्ता काढून देतो.

लेन_चार
पुशऑफला आधी तीन एक सेकंद जायचे, आता थोडं जास्त सरकतो, साडेतीन धरा.

डेटाबाबू
आधी: ३० वजा ३ बरोबर २७ सेकंदांत २४ हात, म्हणजे एका हाताला १.१२ सेकंद. आता: ३६ वजा ३.५ बरोबर ३२.५ सेकंदांत १८ हात, म्हणजे १.८ सेकंद. एका हातामागे जवळजवळ पाऊण सेकंद वाढला.

जुना_बॅकस्ट्रोकर
शाब्बास, हाच आकडा पाहिजे होता. १.८ सेकंद म्हणजे मिनिटाला जेमतेम ३३ हात. आधी मिनिटाला ५३ होते. हा पाऊण सेकंद कुठे गेला ते मी न बघताही सांगू शकतो, पुढचा हात पाण्यात लांब करून तुम्ही वाट बघत बसताय. त्या वेळात तुम्हाला पुढे ढकलणारं काहीच नाही, पाणी फक्त अडवतंय, वेग पडतो, मग पुढचा हात ओढताना पडलेला वेग आधी भरून काढायचा आणि मग पुढे जायचं. हातांची संख्या कमी दिसते कारण प्रत्येक हातानंतर तुम्ही वेग मरेपर्यंत सरकून घेता.

लेन_चार, तीन गोष्टी तपासा. एक, कोणालातरी बाजूने मोबाईलवर शूट करायला सांगा, पुढचा हात ताणून थांबतो तेव्हा पाय खाली जातात का बघा, वेग पडला की पाय बुडतात. दुसरं, हात ओढायला सुरुवात करताना पहिल्याच क्षणी तळव्यावर एकदम जड दाब येतो का, तसा येत असेल तर शरीर जवळपास थांबलंय आणि तुम्ही दरवेळी शून्यातून गाडी उचलताय. तिसरं, श्वासाच्या बाजूला थांबा जास्त आहे का, बरेच जण श्वास घेताना समोरच्या हातावर टेकून राहतात.

लेन_चार
पाय बुडतात. हे शूट न करता पण सांगतो, बाजूच्या लेनच्या काकांनी दोनदा सांगितलंय.

पाण्यातला_गणपत
काका लोकांना सगळं माहीत असतं हाहा. मी मधेच येतो, माझा एक दिवस ८७ आला होता एका लेंथला, मला वाटलं म्हातारा झालो. नंतर बघितलं तर त्या दिवशी पूलमध्ये इतकी गर्दी होती की भिंतीजवळ वळायला जागा नव्हती, पुढच्याच्या मागे हळूच फिरलो, घड्याळाला वळण कळलंच नाही, त्याने दोन लेंथ एकत्र केल्या. सरासरीत तो एक आकडा मिसळला की अख्खं सेशन वाईट दिसतं. उलटं पण होतं, लेनच्या मध्ये कोणी आडवं आलं म्हणून उभं राहिलो की त्याला वाटतं भिंत आली. संध्याकाळच्या बॅचला हे रोजचंच.

शिवाजीपार्ककर
मी महात्मा गांधी तलावात जातो दादरला, तिथे ५० मीटर. लेन_चार तुमच्या २५ च्या आकड्याची दुप्पट करून मी माझ्याशी लावू शकतो का? माझा दोन्ही हात मोजून ११० च्या आसपास येतो, तुमची दुप्पट १०८, म्हणजे आपण सारखेच?

जुना_बॅकस्ट्रोकर
नाही, तुम्ही बरेच चांगले आहात. २५ च्या पूलमध्ये दर २५ मीटरला भिंत मिळते, पाय मारून पाच-साडेपाच मीटर फुकट जातं, हात न मारता आणि चांगल्या वेगात. ५० मध्ये ती भिंत एकदाच. त्यांच्या १०८ मध्ये दोन भिंती आहेत, तुमच्या ११० मध्ये एक. त्यांनी तुमच्या तलावात उडी मारली तर आकडा ११० च्या बराच वर जाईल.

याचाच दुसरा अर्थ लेन_चार यांच्यासाठी: तुमचे पुशऑफचे सेकंद तीनचे साडेतीन झाले. म्हणजे १८ हातांमधलं थोडं श्रेय हातांचं नाही, भिंतीचं आहे. पुशऑफ सुधारणं चांगलंच आहे, पण ते पोहण्यात सुधारणा म्हणून खात्यावर जमा करू नका.

लेन_चार
बरं मग करू काय? परत २४ वर जाऊ?

जुना_बॅकस्ट्रोकर
नाही. तुम्ही एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलात, मधलं काही बघितलंच नाही. बीप देणारं छोटं मेट्रोनोम मिळतं, टोपीखाली कानाजवळ अडकवायचं, किती सेकंदाला बीप ते शंभराव्या भागापर्यंत लावता येतं. कोणाकडून तरी उसनं घ्या. प्रत्येक बीपला एक हात पाण्यात पडला पाहिजे, आधी नाही आणि नंतर नाही. सुरुवात तुमच्या १.८ ने करा, दोन लेंथ पोहा, नीट विश्रांती घ्या, मग १.६, मग १.४, १.२५, १.१, शेवटी १.०. जोर सगळीकडे सारखाच लावायचा, रेस लावायची नाही. दर वेळी दोन्ही हात मोजायचे आणि भिंतीवरच्या घड्याळावर वेळ. मनगटावरचं त्या दिवशी बघूच नका. आणि पुशऑफ प्रत्येक वेळी एकसारखाच, नाहीतर सगळं मुसळ केरात.

मुलुंडकरीण
बीपशिवाय होत नाही का? मनात मोजून?

जुना_बॅकस्ट्रोकर
होतं, पण मन लबाड असतं ताई, दमलं की आपोआप हळू मोजतं.

लेन_चार
उसनं मिळालं, काकांकडेच होतं! हे घ्या आकडे, दोन लेंथची सरासरी, हात दोन्ही मिळून.

१.८ ला १८ हात, ३६ सेकंद, ५४.
१.६ ला १९ हात, ३४ सेकंद, ५३.
१.४ ला २० हात, साडे३१ सेकंद, साडे५१.
१.२५ ला २१ हात, पावणे३० सेकंद, पावणे५१.
१.१ ला २४ हात, ३० सेकंद, ५४.
१.० ला २७ हात, साडे३० सेकंद, साडे५७.

१.१ वर मला वाटलं होतं वेळ कमी होईल पण झालीच नाही, हात नुसते जास्त फिरले. १.० ला तर पाण्यात हात घसरत होता, बुडबुडेच बुडबुडे.

जुना_बॅकस्ट्रोकर
उत्तम आकडे आहेत. आता बेरजेकडे न बघता १.२५ आणि १.१ या दोन ओळी शेजारी ठेवा. वेळ जवळजवळ तीच, पावणे३० आणि ३०. हात २१ आणि २४. इथे वेळ सारखी आहे म्हणून इथली हातांची बचत खरी आहे, तीन हात वाचले आणि काहीही गमावलं नाही. १.१ वरची ओळ म्हणजे तुमचा जुना २४ चा काळ, हात पाणी धरायच्या आधीच मागे निघून जात होता. तिथे कोचनी हात कमी करा म्हटलं ते शंभर टक्के योग्य होतं.

आता वरून खाली या. १.८ ते १.४, हात फक्त दोन वाढले आणि साडेचार सेकंद वाचले. म्हणजे त्या टोकाला हात कमी करणं तुम्हाला फार महाग पडत होतं, एका हातामागे सव्वादोन सेकंद. २० च्या खाली हात नेण्याची तुम्हाला आत्ता गरज नाही, तेवढी पकड आणि किक अजून नाही.

डेटाबाबू
म्हणजे उत्तर मिळालं, १.२५, सगळ्यात कमी बेरीज. घड्याळाच्या एका हाताच्या हिशोबाने पण तोच येतो, साडे१० अधिक पावणे३०, सव्वा४०. दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी येतायत. धागा बंद करायला हरकत नाही.

जुना_बॅकस्ट्रोकर
थांबा जरा. एक तर घड्याळ साडे१० दाखवणार नाही, २१ हातांमध्ये घड्याळवाल्या हाताचे कधी १० येतील कधी ११, पहिला हात कुठला पडला त्यावर. म्हणजे एखाद्या गुणाचा फरक तर निव्वळ योगायोगाचा असतो, त्यावर कोणी आनंदी किंवा दुःखी होऊ नये.

दुसरं, या वेळी दोन्ही एकाच ठिकाणी आले म्हणून नेहमी येतील असं नाही. घड्याळाच्या हिशोबात हात स्वस्त, सेकंद महाग, त्यामुळे ते जरा भराभर हात मारण्याकडे झुकणार. एखाद्या माणसात दोन्हीची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

तिसरं सगळ्यात मोठं. सगळ्यात कमी बेरीज म्हणजे सगळ्यात कमी मेहनत नाही. बेरजेत ऑक्सिजन कुठे आहे? पाय जोरात मारले की हात कमी होतात, सेकंदही कमी होतात, आकडा मस्त दिसतो, पण पायांचे मोठे स्नायू दम खाऊन टाकतात आणि चारशे मीटरनंतर माणूस भिंतीला लटकतो. स्वॉल्फला ते दिसत नाही. फिन्स घालून पोहा, आकडा लगेच उतरेल.

डेटाबाबू
पण मग मिनिमम शोधायचाच कशाला? काहीतरी ऑप्टिमाइझ करायलाच पाहिजे ना. हार्ट रेट सूत्रात टाकू, त्याला वजन देऊ.

जुना_बॅकस्ट्रोकर
वजन किती देणार हे कोण ठरवणार? परत तोच एक हात बरोबर एक सेकंदवाला प्रश्न, फक्त तिसरा पाहुणा आला. मी आकडे वेगवेगळेच बघतो, वेळ एका बाजूला, हात एका बाजूला, हार्ट रेट तिसरीकडे. तुम्ही सूत्र करा, मी वाचेन.

कमीहातवाला
मी एवढंच म्हणतो की शेवटी हात २४ चे २१ झाले, म्हणजे कमीच झाले. माझंच बरोबर निघालं.

पाण्यातला_गणपत
भाऊ तुम्ही १८ ला टाळ्या वाजवत होता, स्क्रोल करून वर बघा.

कमीहातवाला
१८ पण चुकीचं नाही. हळूहळू ताकद आली की १८ हातात ३० सेकंद होतील, तेव्हा विचारा.

जुना_बॅकस्ट्रोकर
ते होऊ शकतं, नाही म्हणत नाही. १८ हातात ३० म्हणजे बेरीज ४८, एका हाताला जवळपास दीड सेकंद, त्यासाठी एका हातात एक मीटरच्या वर अंतर त्याच वेगात गेलं पाहिजे. उंची किती आहे त्यांची यावर बरंच आहे.

लेन_चार
पाच फूट पाच. आता मला हे सांगा, १५०० मीटर सलग करायचेत मला, त्याला १.२५ धरू की १.४? १.४ ला दोन सेकंद जास्त पण अंगाला सुखाचं वाटलं.

डेटाबाबू
१.२५. ६० लेंथ आहेत, लेंथमागे पावणेदोन सेकंद म्हणजे पावणेदोन मिनिटं वाचतात.

खारं_पाणी
१.२५ किंवा त्याहून पण जलद, समुद्रात उतरायचं असेल पुढे तर आत्तापासून सवय लावा.

जुना_बॅकस्ट्रोकर
दोन लेंथच्या आकड्यांवरून १५०० चं सांगता येणार नाही, मला तरी. असं करा, एक दिवस १.२५ वर चार वेळा शंभर मीटर, मध्ये वीस सेकंद विश्रांती. दुसऱ्या दिवशी तेच १.४ वर. बीप ठरलेलं आहे त्यामुळे दमलात तरी हाताचा वेग पडणार नाही, पडेल ते एका हातातलं अंतर, आणि ते हातांच्या संख्येत दिसेल. पहिल्या शंभरात लेंथला २१ आणि चौथ्या शंभरात २४ झाले तर १.२५ तुम्हाला अजून झेपत नाही, मग दोन लेंथचा पावणे५१ काही कामाचा नाही. १.४ वर २० चे २०च राहिले तर १५०० तिथून सुरू करा. मला स्वतःला वाटतं दोन्हीच्या मध्ये कुठेतरी येईल, १.३ वगैरे, पण डेटाबाबूंशी पैज लावणार नाही.

मुलुंडकरीण
मी लेकीच्या कोचशी बोलले. ते म्हणाले यादी काढणार नाही, प्रत्येकाची वेगळी वही करू. पण ते हात मोजतात ते एकच हात की दोन हे त्यांनाही पटकन सांगता आलं नाही.

शिवाजीपार्ककर
ब्रेस्टस्ट्रोकला काय करायचं हो? तिथे तर दोन्ही हात एकत्रच जातात, मग घड्याळ आणि आपण सारखंच मोजणार ना? आणि तिथे ग्लाइड तर मुद्दाम करायला शिकवतात.

जुना_बॅकस्ट्रोकर
मोजणी सारखी येईल, हो. ग्लाइडचं मात्र तिथे गणित वेगळं आहे, तिथे सगळ्यात वेगवान क्षण किकनंतर येतो, त्यामुळे थोडं सरकून घेणं फायद्याचंच. किती सरकायचं यावर वेगळा धागा काढा, मी रात्री येतो, आत्ता बॅच आहे.

लेन_चार
उद्या १.२५ चे चार शंभर टाकतो, परवा १.४ चे. काका म्हणाले मेट्रोनोम परत पाहिजे त्यांना रविवारपर्यंत.